टेक फेस्टला नाव देताय? मग 'ठिबक' हा शब्द आधी फोनवर बोलून बघा

दिवाळीची सुट्टी संपली की इंजिनीअरिंग कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोल पडतो. यंदाच्या टेक फेस्टचं नाव काय ठेवायचं? खाली बारा पर्याय, कारण व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये बाराच बसतात. त्यातले निम्मे 'टेक्नो'ने सुरू होणारे. रात्री उशिरापर्यंत मतदान चालतं, सकाळी नाव ठरतं आणि दुपारी पोस्टर करणारा मुलगा त्याखाली तीन इंग्रजी क्रियापदं चिकटवतो. इनोव्हेट, इग्नाइट, इन्स्पायर. झाली टॅगलाइन.

यात बिघडलं काय, असं तुम्ही विचाराल. मुंबई-पुण्यात कदाचित फार बिघडत नाही. आयआयटी मुंबईचा 'टेकफेस्ट' १९९८ पासून चालू आहे, त्याच्या पोस्टरवर काहीही लिहिलं तरी पोरं येतात. खान्देशात गणित वेगळं आहे. जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बांभोरीचं एसएसबीटी, धुळ्याचं एसएसव्हीपीएस, शिरपूरचं आर. सी. पटेल, आणि शिवाय पॉलिटेक्निक. जळगाव ते धुळे अंतर सुमारे ९० किलोमीटर. म्हणजे फेस्टला येणारी मुलं तीच, तारखा साधारण त्याच, आणि पावती फाडायला ज्यांच्याकडे जायचं ते सराफ, डाळ मिलवाले आणि क्लासवालेही बरेचसे तेच. अशा वेळी एकाच आठवड्यात दोन कॉलेजांची नावं 'टेक्नो-काहीतरी' असतील, तर बाहेरचा विद्यार्थी चुकीच्या फॉर्मवर पैसे भरतो आणि प्रायोजक म्हणतो, "अहो, तुमची मुलं परवाच येऊन गेली की."

म्हणून या लेखात आपण एक नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत ठरवून बघू. कॉलेज काल्पनिक आहे, जळगावातलं. नाव आहे 'ठिबक'. ते टिकतं की पडतं, हे पुढे कळेलच.

नाव, थीम आणि टॅगलाइन: तिन्ही एक नाहीत

पहिला गोंधळ इथेच होतो. फेस्टचं नाव कायमचं असतं. सीओईपीचं 'माइंडस्पार्क', व्हीजेटीआयचं 'टेक्नोव्हान्झा', नागपूरच्या व्हीएनआयटीचं 'ॲक्सिस' ही अशी नावं आहेत. दरवर्षी समिती बदलते, पण नाव तेच राहतं, म्हणून पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या मुलाच्या सर्टिफिकेटवरचं नाव आजही ओळखू येतं. थीम त्या वर्षापुरती असते. आणि टॅगलाइन ही त्या थीमची एका ओळीतली फोड.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दरवर्षी नाव बदलतात आणि त्यालाच थीम म्हणतात. नवीन समितीला आपला ठसा उमटवायचा असतो, हे समजण्यासारखं आहे. पण मागच्या वर्षी ज्या दुकानदाराने पाच हजार दिले होते, त्याला यंदाचं नाव नवं वाटतं. त्याच्याकडे पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते. कॉलेजला कायमचं नाव नसेल, तर आधी ते ठरवा. ते साधं असलं तरी चालेल. कल्पकता दाखवायची जागा थीममध्ये आहे.

कायमच्या नावाला अर्थ असलाच पाहिजे असंही नाही. आयआयटी मुंबईच्या सांस्कृतिक महोत्सवाचं 'मूड इंडिगो' हे नाव ड्यूक एलिंग्टन यांच्या जॅझ रचनेवरून आलंय. आज ते घेणाऱ्या किती जणांनी ती रचना ऐकली असेल? शिवाय तेही पूर्ण कुणी म्हणत नाही, सगळे 'मूड आय' म्हणतात. नाव लांब असलं की लोक त्याचं बारीक करतात. त्यामुळे नाव निवडताना त्याचं तोकडं रूपही बोलून बघावं, कारण कँटीनमध्ये तेच चालणार आहे.

दुसरं टोक म्हणजे बिट्स पिलानीचं 'ॲपॉजी'. अंतराळातलं यान पृथ्वीपासून सगळ्यात लांब जातं त्या बिंदूला ॲपॉजी म्हणतात, आणि त्याच अक्षरांतून 'अ प्रोफेशन्स ओरिएंटेड गॅदरिंग ओव्हर एज्युकेशनल एक्सपीरियन्सेस' असं लांबलचक नावही निघतं. हे त्यांना जमलं. पण आद्याक्षरांतून नाव काढायचा हट्ट धरला की बहुतेक वेळा आधी शब्द ठरतो आणि मग त्याला अक्षरामागे अक्षर ओढूनताणून बसवलं जातं. ते पोस्टरवर चारच दिवस दिसतं, नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि हो, '2K25'. दोन हजार पाच साली '2K5' लिहिलं तर एक अक्षर वाचायचं. '2K25' आणि '2025', दोन्हींत चारच अक्षरं आहेत. वाचतं काहीच नाही, नुसती सवय उरली आहे.

थीम खरी की नुसता पडदा, हे कसं ओळखायचं?

समजा समितीसमोर दोन थीम आल्या. एक धुळ्याच्या मुलाने सुचवली: 'फड'. दुसरी जळगावच्या मुलीने: 'ठिबक'.

'फड' ऐकल्यावर तमाशाचा फड डोळ्यांसमोर येतो, पण मुलाच्या मनात वेगळंच होतं. पांझरा नदीच्या काठच्या गावांत सिंचनाची फड पद्धत तीनेकशे वर्षं चालत आलेली आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालची जमीन मोठ्या तुकड्यांत वाटलेली. प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, कुठल्या फडात यंदा काय ते गावाने ठरवायचं, आणि पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. कुणाचं पाणी कधी, हे त्याच्या हातात. ही शंभर टक्के अभियांत्रिकी आहे आणि आपल्या भागातली आहे. शिवाय 'फड गाजवणे' हा वाक्प्रचार फेस्टला जणू मापाचाच.

'ठिबक'ची ओळख जळगावात करून द्यायची गरज नाही. केळीच्या बागेत ओळीने टाकलेल्या काळ्या नळ्या इथे बसच्या खिडकीतूनही दिसतात, आणि जैन इरिगेशनसारखी कंपनी याच गावातली. कल्पना सोपी आहे: सगळं शेत भिजवायचं नाही, झाडाच्या मुळाशी, त्याला हवं तेवढंच पाणी द्यायचं.

दोन्ही शब्द छान आहेत. पण थीमची परीक्षा शब्दाच्या छानपणावर होत नाही. मला वाटतं तिला एकच प्रश्न विचारावा: या थीममुळे कमीत कमी तीन स्पर्धांचे नियम बदलतात का? बदलत नसतील तर ती स्टेजमागचा पडदा आहे. 'फ्यूचर इज नाऊ' अशी थीम घेतली आणि रोबो रेस, ब्रिज मेकिंग, कोडिंग सगळं मागच्या वर्षीसारखंच राहिलं, तर थीम फक्त फ्लेक्सवर होती.

'ठिबक'ला हा प्रश्न विचारू. तिचा तांत्रिक अर्थ असा निघतो: कमी साधनांत तेवढंच किंवा जास्त काम. आता स्पर्धा घ्या.

आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल करायची स्पर्धा जवळपास प्रत्येक सिव्हिल विभाग घेतो. सरळ नियम असतो, ज्याचा पूल जास्त वजन पेलेल तो जिंकला. ठिबकच्या नियमात पुलाने पेललेलं वजन भागिले पुलाचं स्वतःचं वजन असा आकडा काढायचा. समजा पहिल्या संघाचा पूल ३०० ग्रॅमचा आहे आणि तो ४५ किलोवर मोडला. दुसऱ्याचा पूल १८० ग्रॅमचा आणि ३६ किलोवर मोडला. जुन्या नियमाने पहिला संघ जिंकतो. नव्या नियमाने पहिल्याचा आकडा १५० येतो आणि दुसऱ्याचा २००. विजेता बदलला. काड्या आणि फेव्हिकॉल थापून जाड पूल करणाऱ्याऐवजी, कुठल्या काडीवर ताण येतो याचा विचार करणारा पुढे आला. थीम कामाला लागली ती अशी.

कोडिंगमध्ये मेमरीची मर्यादा कमी करता येते. ऑनलाइन स्पर्धांत २५६ एमबी मर्यादा नेहमी दिसते. ती काही प्रश्नांना १६ एमबी केली, की सगळा डेटा एकदम ॲरेमध्ये भरून मोकळं होता येत नाही. रोबो रेसमध्ये सगळ्यांना आयोजकांनीच एकसारखी बॅटरी द्यायची आणि तेवढ्यावर रोबो किती फेऱ्या मारतो ते मोजायचं. इथे एक अडचण आहे. बॅटऱ्या नव्या आणि एकाच लॉटच्या नसतील तर भांडणं होतात, आणि तेवढ्या बॅटऱ्यांचा खर्च आधीच धरावा लागतो. बजेट नसेल तर रोबो रेस थीममध्ये ओढू नये. क्विझ, गेमिंग, यांना तर हातही लावू नये. सगळ्याच स्पर्धा थीममध्ये कोंबायला गेलं की ती चेष्टा होते.

'फड'ला हाच प्रश्न विचारला तर? तिचा अर्थ निघतो: सामायिक साधन, वाटणीचे नियम, सामूहिक निर्णय. नेटवर्किंगच्या आणि हॅकेथॉनच्या मुलांना तो छान लागू होतो, एकाच सर्व्हरवर दहा संघ वगैरे. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या स्पर्धांत तो बसवणं अवघड. थीम वाईट नाही, पण या कॉलेजकडे ज्या स्पर्धा आहेत त्यांना 'ठिबक' जास्त वळवते. आणि 'फड'ची खरी पंचाईत पुढे आहे, स्पेलिंगमध्ये.

देवनागरीत चांगलं, रोमनमध्ये गोंधळ

नाव सुचतं मराठीत, पण शोधलं जातं रोमन लिपीत. इन्स्टाग्राम हँडल, गुगल फॉर्मची लिंक, ईमेल, सगळीकडे. त्यामुळे नाव दोन्ही लिप्यांत तपासावं लागतं.

'फड' रोमनमध्ये लिहा. `Fad` लिहिलं तर इंग्रजीत त्याचा अर्थ होतो चार दिवसांचं खूळ. तंत्रज्ञानाच्या फेस्टला हे नाव म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. `Phad` लिहिलं आणि गुगलवर टाकलं, तर राजस्थानातली प्रसिद्ध फड चित्रं येतात. ती चित्रकला इतकी जुनी आणि नावाजलेली आहे की कॉलेजच्या फेस्टला तिच्या पुढे यायची आशा नाही. 'फड' इथे पडतो. वाईट वाटतं, पण पडतो.

असं मोठ्यांच्याही बाबतीत घडतं. त्रिचीच्या एनआयटीचा टेक फेस्ट आहे `Pragyan`. चांद्रयान-३ मधून २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रावर उतरलेल्या रोव्हरचं नावही `Pragyan`, अगदी याच स्पेलिंगने. आता या शब्दाचा शोध घेतला तर आधी कोण दिसणार, हे सांगायला नको. त्यांच्या हाती काहीच नव्हतं. तुम्ही मात्र आज नाव ठरवताय, तर पाच मिनिटं शोधून बघायला काय हरकत आहे?

संस्कृत-मराठी नावांत एक खास आपला खड्डा आहे, तो म्हणजे 'ज्ञ'. मराठी माणूस 'द्न्य' म्हणतो आणि `dny` लिहितो. हिंदीवाला 'ग्य' म्हणतो आणि `gy` लिहितो. नांदेडच्या एसजीजीएस संस्थेचा फेस्ट `Pragyaa` असा, म्हणजे मराठी मुलखात असूनही हिंदी वळणाने लिहिला जातो, आणि देशभरातून मुलं बोलवायची तर ते बरोबरच आहे. पण जळगावात कुणी 'प्रज्ञा' किंवा 'यज्ञ' नाव ठेवलं, तर निम्मी मुलं `Pradnya` शोधतील आणि बऱ्हाणपूरहून येणारी `Pragya`. खान्देश सीमेवर आहे, एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला गुजरात. 'ज्ञ' असलेलं नाव इथे दोन तुकड्यांत फुटतं. 'ळ', 'ण', दीर्घ 'आ' यांचंही थोडंफार असंच. आयआयटी मद्रासने 'शास्त्र'चा 'शा' लांब आहे हे दाखवायला `Shaastra` असे दोन ए घातले. त्यांनी ते वर्षानुवर्षं तसंच ठेवलं, म्हणून रुळलं.

आता `Thibak`. रोमनमध्ये `Th` म्हणजे 'थ' की 'ठ', कळत नाही. मराठी न येणारा मुलगा त्याला 'थिबक' वाचणार. हे पूर्ण टाळता येत नाही, पण कमी करता येतं. पोस्टरवर देवनागरी 'ठिबक' मोठं आणि वर, रोमन त्याखाली लहान, असं ठेवलं की हिंदी वाचणाऱ्यालाही उच्चार कळतो. अर्थ मात्र त्याला कळणार नाही, कारण ठिबक सिंचनाला हिंदीत 'टपक' म्हणतात. ते काम टॅगलाइनला करावं लागेल.

हे सगळं घरबसल्या ठरवण्यापेक्षा एक सोपा प्रयोग करावा. समितीत नसलेल्या, पहिल्या वर्षाच्या दहा मुलांना फोन करून नाव एकदाच सांगायचं, स्पेलिंग न सांगता. तासाभराने त्यांना ते रोमनमध्ये टाइप करून पाठवायला सांगायचं. सात-आठ जणांनी एकच स्पेलिंग पाठवलं तर नाव चालेल. `Thibak`, `Thibuk`, `Tibak`, `Thibbak` असे चार प्रकार आले, तर नाव ठेवा किंवा सोडा, पण निदान फेस्ट कुणाला सापडणार नाही हे आधीच कळेल. फोनवर करायचं कारण असं की समोरासमोर आपण नकळत ओठ, हात हलवून सांगतो, आणि लिहून दाखवलं तर परीक्षाच राहत नाही.

टॅगलाइन: तीन क्रियापदांचा रोग

'इनोव्हेट, इग्नाइट, इन्स्पायर' ही ओळ नाशिकच्या फेस्टला चालेल, लातूरच्या चालेल, एमपीएससीच्या क्लासला चालेल आणि जिमलाही चालेल. म्हणजे ती तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. टॅगलाइन तपासायची सगळ्यात सोपी रीत हीच: शेजारच्या कॉलेजचं नाव वर लावून बघा. ओळ तशीच चालत असेल तर खोडा.

'ठिबक'साठी समितीत पहिली ओळ कुठली येईल, हे मी आत्ताच सांगू शकते. 'कमी पाणी, जास्त पीक.' ती पाटीवर, बसवर, कृषी विभागाच्या भिंतीवर अशा अर्थाने सगळ्यांनी वाचलेली आहे. केंद्राच्या सिंचन योजनेत 'पर ड्रॉप मोअर क्रॉप' आहेच. ही ओळ घेतली की कॉम्प्युटरच्या मुलाला वाटणार, हा शेतकरी मेळावा आहे.

दुसरी ओळ येईल ती म्हणीतून: थेंबे थेंबे तळे साचे, त्यावरून 'थेंबाथेंबाने तंत्रज्ञान' असं काहीतरी. ऐकायला गोड आहे, पण अर्थ उलटा आहे. ती म्हण साठवण्याबद्दल आहे, थोडं थोडं जमवत जा म्हणजे पुष्कळ होईल. ठिबकमध्ये काहीच साचू द्यायचं नसतं. पाणी साचलं म्हणजे संच नीट चालत नाही. टॅगलाइन थीमच्या विरुद्ध दिशेला गेली तर परीक्षक, प्राध्यापक, प्रायोजक यांच्यापैकी कुणीतरी एक जण ते पकडतोच, आणि नेमकं उद्‌घाटनाच्या भाषणात.

मग ओळ निघते कुठून? थीमने स्पर्धांचे जे नियम बदलले, त्यांतूनच. पुलाच्या स्पर्धेत काय सांगितलं होतं? काडी कमी वापर, पण जिथे ताण येतो तिथे वापर. कोडिंगमध्ये? मेमरी मोजून वापर. म्हणजे दोन गोष्टी: मोजकं, आणि योग्य जागी. शेतात ती योग्य जागा म्हणजे मूळ. 'मोजकं द्या, मुळाशी द्या.' चार शब्द. शेतकऱ्याला कळतं, सिव्हिलच्या मुलाला कळतं, आणि 'प्रश्नाच्या मुळाशी' हा अर्थही सोबत येतो. शेजारच्या कॉलेजचं नाव लावून बघा, ओळ बसत नाही. हीच हवी.

बाहेरच्या राज्यांतल्या मुलांसाठी त्याचं इंग्रजी भाषांतर करत बसू नये, ते फिकं पडतं. त्याऐवजी खाली एक साधी परिचयाची ओळ द्यावी: कॉलेजचं नाव, राज्यस्तरीय तंत्र महोत्सव, जळगाव, तारीख. ही टॅगलाइन नाही, पण हिच्याशिवाय टॅगलाइनला स्वतःच सगळी माहिती सांगावी लागते आणि ती लांबते. 'राज्यस्तरीय' किंवा 'राष्ट्रीय' हे शब्दही इथेच हवेत. बाहेरगावच्या मुलांचा निम्मा जीव सर्टिफिकेटवरच्या त्या एका शब्दात असतो, त्यामुळे तो खरा असला पाहिजे.

मराठीच का, अहिराणी का नको? मोह होतोच. पण धुळ्याकडे अहिराणी जितकी घरची, तितकी जळगावच्या पूर्वेकडे नाही. तिकडे यावल-रावेरला लेवा गणबोली आहे. अहिराणी ओळ धुळे किंवा अमळनेरच्या कॉलेजात टाळ्या घेईल. जळगावात ती काहींना आपली वाटेल आणि काहींना शेजाऱ्याची.

आणि बहिणाबाई? त्या जळगावजवळच्या आसोद्याच्या, विद्यापीठाला २०१८ पासून नाव त्यांचं. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपात आली, त्यामुळे प्रताधिकाराची मुदतही संपली आहे. त्यांची ओळ टॅगलाइन म्हणून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. अडचण एवढीच की जिल्ह्यातल्या प्रत्येक स्नेहसंमेलनाने, पतपेढीच्या कॅलेंडरने आणि निरोप समारंभाने ती आधीच घेतलेली असते.

फ्लेक्सवाल्याकडे जाण्याआधी

'ठिबक'मध्ये 'ठ'ला पहिली वेलांटी आहे, आणि ती छपाईत दगा देते. युनिकोडमध्ये ही वेलांटी 'ठ'नंतर टाइप होते आणि दिसते मात्र आधी. डिझाइनच्या काही जुन्या सॉफ्टवेअरना ही अदलाबदल करता येत नाही, मग वेलांटी 'ठ'च्या उजवीकडे सुटी पडते आणि 'ब'ला लागल्यासारखी दिसते. गावातले बरेच फ्लेक्सवाले अजून जुन्या फाँटवर काम करतात. तुमची युनिकोड फाइल त्यांच्याकडे उघडली की अक्षरं फुटतात. उपाय सोपा आहे: नावाचं अक्षरलेखन एकदाच नीट करून त्याचे 'कर्व्ह' करून द्यायचे, म्हणजे तो मजकूर न राहता चित्र होतं आणि कुठेही तसंच छापलं जातं. तरीही पहिला छापील नमुना डोळ्यांनी बघितल्याशिवाय दोनशे टी-शर्टची ऑर्डर देऊ नये.

प्रायोजकांचं काय? 'ठिबक' हे नाव पाइप आणि ठिबक संच बनवणाऱ्यांना जवळचं वाटेल, हा फायदा. तोटाही तोच. त्यांच्यापैकी एकाने मोठी रक्कम दिली की बाकीच्यांना तो त्या कंपनीचाच कार्यक्रम वाटतो आणि ते हात आखडता घेतात. एकाच धंद्यातल्या दोघांना सोबत घ्यायचं, की त्या धंद्यातून कुणालाच मुख्य प्रायोजक करायचं नाही, हे पत्रं टाइप करण्याआधी ठरवावं. डाळ मिलवाल्यांना किंवा चटईच्या कारखानदारांना पत्र देताना थीम एका वाक्यात सांगता आली पाहिजे: कमी साधनांत जास्त काम करून दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांची स्पर्धा. कारखाना चालवणाऱ्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. 'फ्यूचर इज नाऊ' समजावून सांगताना मात्र समोरचा घड्याळाकडे बघायला लागतो.

राहिला पोल. तो घ्यायचाच नाही असं नाही, फक्त शेवटी घ्यायचा. बारा नावांवर साठ जणांनी मत दिलं तर मतं फुटतात, तेरा-चौदा मतांचं नाव जिंकतं आणि सेहेचाळीस जणांना ते नको असतं. आधी स्पेलिंग, शोध, फोन आणि नियमांच्या प्रश्नाने बाराची तीन करा, मग त्या तिघांवर मत घ्या. फेस्ट फेब्रुवारीच्या शेवटी असेल तर हे नोव्हेंबरअखेर संपलं पाहिजे, कारण स्पर्धांचे नवे नियम लिहून, विभागप्रमुखांची सही घेऊन पोस्टर काढायला डिसेंबर पुरत नाही.

एक गोष्ट त्याच दिवशी करून टाकावी. इन्स्टाग्राम हँडल थीमच्या नावाने, म्हणजे `thibak_jalgaon` असं काढू नये. पुढच्या वर्षी समिती बदलेल, थीम बदलेल, आणि जमलेले फॉलोअर त्या जुन्या नावावर अडकून पडतील. हँडल फेस्टच्या कायमच्या नावाने काढायचं, त्याचा पासवर्ड अंतिम वर्षाच्या मुलाच्या मोबाइलवर न ठेवता विभागाच्या ईमेलवर ठेवायचा, आणि 'ठिबक' फक्त त्या वर्षाच्या पोस्टमध्ये.